सेंड-ऑफचं भाषण: पुस्तक मिटा आणि लिहा

नववीवाल्यांनो, बाई म्हणाल्या दोनच मिनिटं बोल, म्हणून एकच सांगते. धडा शिकवला की त्याच रात्री पुस्तक मिटून आठवेल तेवढं रफ वहीत लिहा, समजा आवर्तसारणी असेल तर अणूचा आकार गणात खाली जाताना वाढतो, आवर्तात उजवीकडे कमी होतो आणि का, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरा. हेच परत तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, दहा मिनिटं बास. नुसतं वाचलं की सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो. रात्रभर जागून केलेलं प्रिलिमला कसंबसं निघतं, बोर्डापर्यंत टिकत नाही, शिवाय झोप नसली की गणितात साध्या वजाबाक्या चुकतात ते वेगळंच! खंड पडला तर मागचं भरत बसू नका, आजच्या धड्यापासून धरा.