ओल्या कडुलिंबाचं दार वाकलं, तेव्हा

आषाढात वाऱ्याने बांधावरचा कडुलिंब पडला. महिनाभरात त्याच्या फळ्या कापून सुतारमामांकडून वाड्याचं दार करून घेतलं. मामा म्हणाले होते, "बापू, लाकूड अजून ओलं हाय, थांबा." मी ऐकलं नाही. चैत्रात आमच्या बीडकडचं ऊन तापलं आणि खालचा कोपरा चौकटीपासून अर्धा इंच सुटला, मधली फळी टोकापासून उभी चिरली.

लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं, म्हणून फळी पन्हळीसारखी वाकते. टोकांतून पाणी फार लवकर उडतं. टोक आकसायला बघतं, आतला ओला भाग आकसू देत नाही, आणि तिथेच चीर पडते.

उरलेल्या ओंडक्याच्या इंचभर जाड फळ्या पाडल्या. टोकांना लगेच जाड ऑइल पेंट दिला. गोठ्याच्या सावलीत विटांवर थर रचले, दर दीड-दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या अगदी एकाखाली एक ठेवल्या, वर दगडांचं वजन दिलं. पट्टी सरकली की फळी तिथेच झोल खाते.

एक तुकडा खुणेचा ठेवून दर पंधरवड्याला किराणा दुकानात तोलला. १४०० ग्रॅमचा ९८० वर आला आणि पुढचे दोन पंधरवडे तिथेच थांबला, तेव्हाच मामांना बोलावलं. या खेपेला त्यांनी फळ्या चौकटीच्या खाचेत सरस न लावता बसवल्या, पावसाळ्यात फुगायला जागा हवी म्हणून.