एजन्सीच्या रोलवर जाताय? ‘पर्मनंट करू’ म्हणाले की नोटीसचं विचारा

वाळूज, शेंद्रा, चितेगाव, कुठंही डिप्लोमावाल्याला पहिला फोन येतो तो बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, एजन्सीचा असतो. काम कंपनीच्या शॉपफ्लोअरवर, टोपीवर नाव कंपनीचं, पण ऑफर लेटर आणि पगार एजन्सीचा. हे तुम्हाला माहीत असेलच. एजन्सीच्या मॅडम फोनवर म्हणतात, “सहा महिने काढा, परफॉर्मन्स बघून कंपनी रोलवर घेतात.” गावाकडं आई-वडिलांना आपण त्यातलं शेवटचं तेवढंच सांगतो. मीही तेच सांगितलं होतं.

एजन्सीवाले खोटं बोलतात असं नाही. पण कंपनी रोलवर घ्यायचं की नाही, हे त्यांच्या हातातच नसतं. ते ठरवतं कंपनीचं एचआर, मंजूर जागा असेल तर, आणि तुमच्या डिपार्टमेंटच्या साहेबांनी नाव पुढं केलं तर. शिवाय बऱ्याच ठिकाणी कंपनी आणि एजन्सी यांच्या करारात ठरलेलं असतं की अमुक महिन्यांच्या आत माणूस उचलला तर कंपनीनं एजन्सीला फी द्यायची. ही फी वाचवायला कंपनी थांबते, आणि आपल्याला वाटतं आपलंच काम कमी पडलं.

म्हणून हा प्रश्न दोन माणसांना वेगवेगळा विचारायचा. एजन्सीला विचारा, “मॅडम, कंपनीनं मला मधेच घ्यायचं ठरवलं तर तुमच्याकडून किती महिन्यांची अट आहे?” कंपनीत जे साहेब इंटरव्ह्यू घेतात त्यांना शेवटी, तुम्हाला काही विचारायचंय का म्हणाले की, “सर, मागच्या वर्षी या लाईनवरून एजन्सीचं कुणी रोलवर आलं का? परीक्षा असते की जागा निघाल्यावर इंटरव्ह्यू?” नाव सांगता आलं, पद्धत सांगता आली, तर रस्ता आहे. “बघू, चांगलं काम करा” एवढंच आलं तर रस्ता नाही असं धरून पगाराचा विचार करा. असं विचारल्यानं नोकरी जात नाही. सुपरवायझर लोक याच बेंचवरून वर गेलेले असतात, त्यांना राग येत नाही.

आता जिथं मी अडकलो ते. आपल्या डोक्यात असतं की पर्मनंट होणं म्हणजे त्याच खुर्चीवर नवा बॅज. कागदावर तसं काही नसतं. कागदावर तुम्ही एजन्सीचा राजीनामा देता आणि कंपनीत नवे म्हणून जॉईन होता. प्रोबेशन पुन्हा सुरू, सर्व्हिस शून्यापासून. आणि राजीनामा म्हटलं की नोटीस आली. माझ्या लेटरमध्ये होतं, कर्मचाऱ्यानं 30 दिवसांची नोटीस द्यावी किंवा तेवढा पगार भरावा. त्याच पानावर खाली होतं, क्लायंटची गरज संपल्यास नेमणूक आपोआप संपेल. म्हणजे मला काढायचं तर नोटीसचा एक दिवसही नको, मला जायचं तर महिना. शेजारच्या मशीनवरच्या पोराला शनिवारी संध्याकाळी फोन आला, सोमवारी येऊ नको. तो विचारायला लागला, “अन् माझा नोटीसचा पगार?” त्याला तेच कलम दाखवलं.

माझं उलट झालं. कंपनीनं रोलवर घेतलं, जॉईनिंगची तारीख दिली पुढच्या आठवड्याची आणि सोबत एजन्सीचं रिलीव्हिंग लेटर मागितलं. एजन्सी म्हणाली, महिना भरा नाहीतर पैसे भरा. कंपनीचं एचआर म्हणालं, ते तुमचं आणि एजन्सीचं. रोज त्याच गेटमधून आत जातोय, आणि कागदोपत्री मी एकाला सोडून दुसऱ्याकडं चाललोय! शेवटी पगार एजन्सीनं कापला. हिशेब निघायला वेळ लागला तो वेगळाच.

हे टाळायला एकच ओळ लागते, आणि ती सही करायच्या आधी लागते. ऑफर लेटर आलं की एजन्सीला मेल करा. “मॅडम, नमस्कार. याच कंपनीनं मला स्वतःच्या रोलवर घेतलं तर 30 दिवसांची नोटीस लागू राहील की माफ होईल, कृपया या मेलवर कळवा. तसेच आपल्याकडून नेमणूक संपल्यास मला किती दिवसांची नोटीस किंवा पगार मिळेल?” फोनवर “अहो होतं ॲडजस्ट” म्हणतील. मेलवर उत्तर येऊ द्या. तोंडी कबूल केलेल्या मॅडम सहा महिन्यांत दुसऱ्या एजन्सीत गेलेल्या असतात. नोटीस माफ करत नसतील तरी हरकत नाही, घाबरून ऑफर सोडू नका. फक्त मग कंपनीच्या एचआरला आधीच सांगून जॉईनिंगची तारीख महिनाभर पुढं मागायची. बऱ्याचदा ती मिळते, आधी मागितली तर.

पगाराचं थोडक्यात. एजन्सी म्हणते 22 हजार, तो आकडा सीटीसीचा असतो. समजा त्यात बेसिक 15 हजार आहे. एजन्सीच्या वाट्याचा पीएफ आणि त्यासोबतचे चार्जेस मिळून 13 टक्के, म्हणजे 1,950, आणि ईएसआयचे 3.25 टक्के याच 22 हजारांतून जातात. ग्रॉस राहतो साधारण 19,400. त्यातून तुमचा पीएफ 1,800, ईएसआय 0.75 टक्के आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात सव्वासतरा हजार. बोनस पण त्यातच धरला असेल तर अजून कमी. त्यामुळं “इन-हँड किती, आणि बोनस यात आहे की वेगळा” हे विचारा. बजाजनगरची खोली आणि डबा इन-हँडवर चालतो.

ईएसआयला मात्र कमी लेखू नका. 21 हजारांपर्यंत पगार असेल तर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येतात. कंपनी रोलवर गेल्यावर पगार त्यापुढं गेला तर मेडिक्लेम मिळतो, पण पुष्कळ ठिकाणी त्यात फक्त तुम्ही, बायको आणि लेकरं. वडिलांचं शुगर-बीपी चालू असेल तर हा प्रश्न पर्मनंटच्या इंटरव्ह्यूत आधी विचारा.

पीएफसाठी जुनाच यूएएन द्या. नवीन एजन्सी नवीन नंबर काढते म्हणाली तर नको म्हणा, नाहीतर सर्व्हिसचे तुकडे पडतात आणि पेन्शनची 10 वर्षं मोजताना डोकं दुखतं. पहिल्या दोन पगारांनंतर पासबुकात पैसे दिसतायत का ते स्वतः बघा. स्लिपवर कापलेत आणि पासबुक कोरं, तर कंपनीच्या एचआरलाही कळवा, कारण ठेकेदारानं भरलं नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी कायद्यानं संपत नाही.

ओळखीच्या मामांचा सल्ला मी आता घेत नाही. ते लागले तेव्हा थेट गेटवरून भरती व्हायची, त्यांना एजन्सीचं लेटर कसं असतं हेच माहीत नाही. आणि लावून देतो म्हणून ड्रेसचे, डिपॉझिटचे पैसे मागणारा कुणी भेटला तर तिथूनच मागं फिरा. एजन्सीला तिचे पैसे कंपनी देते.

आधीच सही करून बसला असाल तर लेटर काढा आणि नोटीसचं कलम बघा. 30 दिवस लिहिलंय की एक महिना, सुट्ट्या धरून की कामाचे दिवस, पैसे भरायचे ते बेसिकवर की ग्रॉसवर. मग ज्या दिवशी कंपनीची ऑफर हातात येईल त्याच दिवशी राजीनामा मेलनं पाठवा, दुसऱ्या दिवशी नाही, कारण मोजणी मेलच्या तारखेपासून सुरू होते. आणि साहेबांना विनंती करा की कंपनीच्या एचआरनं एजन्सीला ‘आम्ही याला घेतोय, लवकर मोकळं करा’ असा एक मेल टाकावा. आपण दहा फोन केले तरी जे होत नाही, ते क्लायंटच्या एका मेलनं होतं.