आजोबांना प्लॅन बदलाची नोटीस कशी समजावून सांगावी

आमचे आजोबा साताऱ्यात शाहूपुरीत राहतात. त्यांचा नंबर पोस्टपेड, म्हणजे महिना संपल्यावर बिल येणारा. मध्यंतरी त्यांना कंपनीचा इंग्रजी मेसेज आला आणि त्यांनी विचारलं, "हे पन्नास रुपये वाढवलेत, एवढंच ना?" तेवढंच नव्हतं. पन्नास रुपये पहिल्या ओळीत होते, खरी मेख शेवटच्या ओळीत होती.

आधी मेसेज खरा आहे का ते बघा. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी -S किंवा -T असेल तर तो सेवेचा किंवा व्यवहाराचा मेसेज, -P असेल तर जाहिरात. दहा आकडी साध्या नंबरावरून आलेला आणि लिंक दाबायला सांगणारा असेल तर समजावण्याच्या फंदात पडू नका, पुसून टाका. खऱ्या मेसेजमधला बदल कंपनीच्या ॲपमध्ये 'माझा प्लॅन' मध्येही दिसायला हवा.

मग कागद घ्या आणि मेसेजमधून तीनच गोष्टी मराठीत उतरवा: महिन्याचं भाडं किती झालं, कोणत्या तारखेपासून, आणि डेटा संपला की काय होणार. बाकीच्या मजकुराचं भाषांतर करत बसलात तर आजोबा चष्मा काढून ठेवतील. आमच्या कागदावर आलं ते असं: भाडं ३९९ वरून ४४९; पाच तारखेपासून; महिन्याला ४० जीबी, ते संपले की पुढच्या प्रत्येक जीबीला २० रुपये. जुन्या प्लॅनमध्ये ४० संपले की नेट नुसतं मंद व्हायचं, पैसे लागत नव्हते. फरक इथे होता.

'जीबी' हा शब्द मात्र अडतो. आमच्याकडे दुधाचा रतीब कामाला आला. "आजोबा, गवळी महिन्याचं ठरलेलं दूध घालतो, तसे हे ४० जीबी. आधी रतीब संपला की तो पातळ दूध द्यायचा, फुकट. आता दूध घट्टच मिळणार, पण प्रत्येक जादा लिटरचे वेगळे पैसे."

"आणि मी न मागता घातलं तर?"

"तीच तर गंमत आहे. तुम्ही यूट्यूबवर कीर्तन लावून झोपता, एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. भांडं उघडंच राहतं."

यानंतर हिशोब त्यांच्याच हातानं मांडू द्या. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे विसरलात तर आकडे जुळत नाहीत आणि मग ते कुणावरच विश्वास ठेवत नाहीत. जुनं बिल ३९९ अधिक कर, म्हणजे ४७०.८२. समजा नव्या महिन्यात ४६ जीबी वापरले, तर भाडं ४४९, जादा ६ जीबीचे १२०, मिळून ५६९, करासह ६७१.४२. वाढ दोनशे रुपयांची, आणि त्यातले १४१ रुपये ६० पैसे फक्त शेवटच्या ओळीचे. आजोबांनी तो आकडा दोनदा अधोरेखित केला.

आता भांड्याला झाकण. यूट्यूबमधला ऑटोप्ले बंद करा आणि मोबाइल डेटावर चित्राचा दर्जा ४८०p ठेवा. कीर्तनाला तेवढा पुरतो. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं फक्त वाय-फायवर ठेवा. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा वापराच्या पानावर महिना सुरू होण्याची तारीख बिलाचीच द्या (आमची पाच) आणि मर्यादा ३८ जीबीवर लावा, म्हणजे तिथे नेट थांबेल. दोन जीबी हातचे ठेवायचे, कारण फोनची मोजणी आणि कंपनीची मोजणी तंतोतंत जुळत नाही. बिल कंपनीच्याच मोजणीनं होतं. नेट थांबलं तर फोन बिघडला नाही, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर ते रिक्षा करून दुरुस्तीच्या दुकानात पोचतील.

डेटा ५०, ९० आणि १०० टक्के वापरला की कंपनीनं मेसेज पाठवायचा असतो. ते न येता जादा बिल आलं तर १९८ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक त्याच कागदावर लिहा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. आणखी एक: प्लॅन घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याचे दर कंपनीला वाढवता येत नाहीत. म्हणून प्लॅन कधी घेतला ती तारीख शोधाच. आमचा तीन वर्षं जुना निघाला, त्यामुळे तो मुद्दा तिथेच मिटला.

कागद सध्या आजोबांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. परवा त्यांचा फोन आला, "पन्नास टक्क्यांचा मेसेज आलाय, आणि आज बावीस तारीख. रतीब बरोबर चाललाय ना?"

बरोबर चालला होता.