अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला तर काय करावे?

अंडे फोडल्यावर पिवळ्या बलकावर लाल ठिपका दिसला, की बऱ्याच घरांत ते अंडे तसेच फेकून दिले जाते. सोबत त्याच भांड्यात आधी फोडलेली दोन-तीन चांगली अंडीही जातात. मनातली शंका एकच असते: यात पिल्लू धरले होते का? जवळपास प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ असते. पण ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात, गावठी अंड्यांच्या बाबतीत, ते कधी कधी ‘हो’ असू शकते. म्हणून हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखायचे ते नीट सांगते.

ठिपका येतो कुठून

कोंबडीच्या पोटात बलक आधी एका पातळ पिशवीत वाढतो. या पिशवीवर बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, कारण बलकाचे सगळे पोषण रक्तातून येते. बलक पुरा वाढला की पिशवी फाटते आणि तो अंडनलिकेत पडतो. फाटण्यासाठी पिशवीवर एक फिकट पट्टा असतो, त्यात रक्तवाहिन्या जवळपास नसतात. बहुतेक वेळा पिशवी तिथेच उकलते आणि रक्ताचा थेंबही सांडत नाही. कधी मात्र ती पट्ट्याच्या जरा बाजूला फाटते, किंवा एखादी बारीक वाहिनी पट्ट्यातूनच गेलेली असते. मग थेंबभर रक्त बलकावर पडते. पुढे त्याभोवती पांढरा भाग चढतो, कवच चढते आणि साधारण 24 ते 26 तासांत अंडे बाहेर येते. ठिपका आत तसाच राहतो.

या सगळ्यात कोंबड्याचा काही संबंध नाही. फार्मवर पिंजऱ्यात फक्त अंडी देणाऱ्या कोंबड्या असतात, कोंबडा नसतोच. त्यामुळे ती अंडी फलित नसतात आणि त्यांच्यात पिल्लू धरण्याचा प्रश्न येत नाही. तरीही त्यांच्यात ठिपके सापडतात. पांढऱ्या अंड्यांत हे प्रमाण बहुधा शंभरात एकापेक्षाही कमी असते. तपकिरी कवचाच्या अंड्यांत ते जास्त दिसते. त्या जातींत मुळात प्रवृत्ती जास्त आहे, आणि गडद कवचातून उजेड नीट जात नसल्याने तपासणीतही ती अंडी सुटतात.

पांढऱ्या भागात कधी तपकिरी, मऊ कण तरंगताना दिसतो. तो अंडनलिकेच्या अस्तराचा सुटलेला तुकडा असतो किंवा रंग बदललेले जुने रक्त. त्यालाही हेच सगळे लागू आहे.

पायरी पहिली: अंडे वेगळ्या वाटीत फोडा

प्रत्येक अंडे आधी रिकाम्या वाटीत फोडायचे, मग मोठ्या भांड्यात ओतायचे. ही सवय लागली की एका अंड्यापायी बाकीची वाया जात नाहीत. वाटी आतून पांढरी असली तर उत्तम, कारण पांढऱ्या भागाचा रंग स्टीलच्या वाटीत नीट कळत नाही.

पायरी दुसरी: ठिपका सोडून आधी पांढरे पाहा

आपली नजर लाल ठिपक्यावरच खिळते, पण अंडे खराब आहे की नाही हे पांढरा भाग सांगतो. चांगल्या अंड्याचे पांढरे पारदर्शक असते, अगदी ताजे असेल तर किंचित दुधाळ. त्यात हलकी पिवळसर झाक असली तरी चालते, ती ब गटातल्या एका जीवनसत्त्वाची असते. पण पांढरे गुलाबी, ठळक हिरवे किंवा काळपट दिसत असेल तर आत जिवाणू वाढले आहेत असे समजा. रक्त ठिपक्यापुरते न राहता सगळ्या पांढऱ्यात पसरून ते लालसर झाले असेल, तेही अंडे खाऊ नका. मग वास घ्या. कुजका वास आला की पुढे काही पाहायची गरज नाही. ती वाटी साबणाने घासा, हातही धुवा.

पायरी तिसरी: ठिपक्याचा आकार पाहा

साध्या ठिपक्याला काठ असतो आणि तो एकटा असतो. मोहरीएवढा, फार तर मुगाच्या दाण्याएवढा, बलकाला चिकटलेला. त्याच्यातून कुठेही रेषा फुटलेल्या नसतात.

पिल्लाची वाढ सुरू झाली असेल तर दृश्य वेगळे असते. एका बिंदूपासून चहूकडे लाल धागे पसरलेले दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. वाढ सुरू होऊन मध्येच गर्भ मेला असेल तर रक्त कडेला सरकते आणि बलकावर लाल कडे दिसते. जाळे असो की कडे, ते अंडे खाऊ नये. रक्त विषारी असते म्हणून नव्हे. जाळे दिसण्याइतकी वाढ व्हायला अंडे दोन-तीन दिवस तरी उबेत राहावे लागते, आणि तेवढ्या उबेत जिवाणूही वाढतात.

बलकावर एक फिकट पांढरा ठिपका प्रत्येक अंड्यात असतो, फलित असो वा नसो. त्याला घाबरू नका. बलकाला लागून पांढरा पीळ पडलेला दोराही असतो, तो बलकाला मधोमध धरून ठेवतो.

पायरी चौथी: ठिपका काढा आणि अंडे पूर्ण शिजवा

पांढरे स्वच्छ, वास नाही, ठिपका एकटा: असे अंडे खायला सुरक्षित आहे. सुरीच्या टोकाने किंवा चमच्याच्या कडेने ठिपका अलगद उचलून टाका. कवचाच्या तुकड्याने काढू नका, कवचावरची घाण आत जाते. ठिपका काढला नाही तरी अपाय नाही, फक्त तव्यावर तो तपकिरी-काळा होतो आणि ताटात बरा दिसत नाही. उकडलेल्या अंड्यात तो असाच गडद डाग म्हणून सापडतो, तेवढा भाग कापून टाकावा. उकडलेल्या बलकाभोवतीचे हिरवट-राखाडी कडे मात्र रक्ताचे नसते. अंडे जास्त वेळ उकळल्याने बलकातले लोह आणि पांढऱ्यातले गंधक यांच्यामुळे ते येते.

पूर्ण शिजवणे ठिपक्यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. साल्मोनेला हा जिवाणू ठिपका नसलेल्या, दिसायला सुंदर अंड्यातही असू शकतो, आणि तो डोळ्यांना किंवा नाकाला कळत नाही. पांढरे आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवले, म्हणजे आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस पोचले, की तो मरतो. उकळत्या पाण्यात 10 ते 12 मिनिटे पुरतात. लहान मुले, गरोदर बायका आणि वयस्कर माणसांना पातळ बलकाचे हाफ फ्राय देऊ नये, मग अंड्यात ठिपका असो वा नसो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका घरातला प्रसंग

मे अखेरची गोष्ट. ग्वाल्हेरला तेव्हा पारा 44-45 अंशांना टेकतो. आमच्या ओळखीच्या वहिनींनी मुरारपलीकडच्या गावातून आलेली सहा गावठी अंडी घेतली आणि स्वयंपाकघरात फळीवर टोपलीत ठेवली. घर जुने, वरचा मजला, रात्रीही भिंती तापलेल्या. चौथ्या दिवशी त्यांनी अंडी फोडली, तर पहिल्यात बलकावर लाल ठिपका आणि दुसऱ्यात लाल धागे. त्यांनी विचारले, “सगळीच टाकू का?”

गावात कोंबड्यांबरोबर कोंबडा फिरत असतो, त्यामुळे ही अंडी फलित असू शकतात. फलित अंड्यातला गर्भ थंडाव्यात निद्रिस्त राहतो. आसपासचे तापमान 27 अंशांच्या वर बराच काळ राहिले की तो मंदपणे वाढू लागतो. उबवणीच्या यंत्रात तापमान साधारण 37.5 अंश ठेवतात, आणि या दिवसांत ती फळी त्याच्या जवळपासच होती. म्हणजे वहिनींच्या टोपलीने खुडूक कोंबडीचे काम केले होते. दुसरे अंडे टाकायचेच होते. पहिल्याचे पांढरे स्वच्छ होते, वास नव्हता, ठिपक्याला धागे नव्हते. एरवी मी ते ठेवायला सांगितले असते, पण चार दिवस त्याच उष्णतेत राहिलेल्या फलित अंड्याचा मोह धरू नये, म्हणून तेही टाकायला सांगितले.

उरलेली चार न फोडता तपासली. खोलीत अंधार केला, मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर मूठ अशी धरली की बोटांतून एवढासाच उजेड निघावा, आणि अंड्याचा रुंद भाग त्यावर टेकवला. चांगले अंडे आतून केशरी उजळते आणि बलकाची धूसर सावली दिसते. फिरवल्यावर सावलीबरोबर सरकणारा एखादा काळा बिंदू दिसला तर तो ठिपका. लाल धागे किंवा कडे दिसले तर ते अंडे बाद. चारांपैकी एकात कडे निघाले. तिघांत काही दिसले नाही, तरी चार दिवसांच्या उष्णतेमुळे त्यांनी तीही वापरली नाहीत. कडकनाथसारख्या फिकट कवचाच्या अंड्यांवरही ही तपासणी चालते, गडद तपकिरी अंड्यांवर मात्र भरवसा ठेवू नका.

या घरात अंड्यांचा तवा वेगळा आणि सासूबाई अंडी खात नाहीत. “यात जीव होता का?” हा प्रश्न त्यांच्यासाठी खरा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साध्या ठिपक्यात जीव नसतो हे खात्रीने सांगता येते. लाल जाळ्यात वाढ सुरू झालेली असते, हेही तितकेच खरे. ज्यांना हे नको असेल त्यांनी फार्मचीच अंडी घ्यावीत.

ठेवायचे कसे

उन्हाळ्यात गावठी अंडी थोडी घ्या आणि घरी आणल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा, दारातल्या खणात नको, आतल्या कप्प्यात. दार उघडझाप होताना तिथली अंडी सारखी गरम-गार होतात. आधी धुवून ठेवू नका, कवचावरचा नैसर्गिक थर निघून जातो आणि जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते. मळलेले असेल तर वापरायच्या आधीच धुवा. तडा गेलेले अंडे घेऊ नका.

घरी कोंबड्या असतील तर

एखाद्या कोंबडीच्या अंड्यात कधीतरी ठिपका आला तर काही करायचे नाही. एकाच कोंबडीच्या अंड्यांत वारंवार येत असेल तर बहुधा ती प्रवृत्ती तिच्या वंशातच आहे, तिची अंडी उबवायला ठेवू नका. अनेक कोंबड्यांच्या अंड्यांत अचानक वाढले तर खाद्य पाहा. अ आणि के जीवनसत्त्व कमी पडले की ठिपके वाढतात. बरसीम, पालक, पिवळा मका यांनी ते भरून निघते. रात्री मांजर किंवा मुंगूस खुराड्यात शिरून कोंबड्या दचकत असतील तर तेही कारण असते, तिथली जाळी तपासा. आणि आजारासाठी सल्फा गटातले औषध चालू असेल तर काही औषधे के जीवनसत्त्वाचे काम अडवतात. तेव्हा ठिपका असो वा नसो, किती दिवस अंडी खायची नाहीत हे पशुवैद्याला विचारा आणि तेवढे दिवस पाळा.