एक सिम बोलायला, दुसरं नेटला: आधी गणित करा, मग खाचखळगे बघा

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने आदेश काढला आणि फक्त कॉल-एसएमएसचे, नेट नसलेले पॅक बाजारात आले. तेव्हापासून नागपुरात माझ्या ओळखीतला प्रत्येक जण सांगतो, ‘नेटचं सिम वेगळं घे, पैसे वाचतात.’ वाचतात, पण सगळ्यांचे नाही.

माझंच गणित घ्या. एअरटेलचा 84 दिवसांचा, रोज दीड जीबीचा पॅक 859 रुपयांना पडायचा, म्हणजे वर्षाला साधारण 3733 रुपये. 2025 च्या सुरुवातीला आलेला त्यांचाच फक्त बोलण्याचा वर्षभराचा पॅक 1849 चा. फरक 1884, महिन्याला 157 रुपये. नेटचं दुसरं सिम महिन्याला 157 च्या आत बसत असेल तरच या भानगडीत पडा. दर बदलतात, म्हणून आजचे आकडे घालून हेच गणित पुन्हा करा. ज्याला बाहेर रोज दीड-दोन जीबी लागतं त्याचं जमत नाही. माझ्या घरी वाय-फाय आहे, बाहेर नेट लागतं ते नकाशा, व्हॉट्सअॅप आणि पैसे देण्यापुरतं. महिन्याला तीन जीबी मला पुरून उरतं.

नेटसाठी कंपनी निवडताना जाहिरात बघू नका. त्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याचा फोन रात्री नऊला आपल्या घरात आणि दुपारी ऑफिसात चालवून बघा. आणि पॅक घेताना एक बघाच: स्वस्त दिसणारे बरेच डेटा पॅक नुसते टॉप-अप असतात. त्यांना स्वतःची सर्व्हिस व्हॅलिडिटी नसते, मूळ पॅक चालू असेल तरच ते चालतात. नव्या सिमवर मूळ पॅकही घ्यावा लागला तर 157 ची हद्द सहज ओलांडली जाते.

बँक, आधार, व्हॉट्सअॅप यांना जोडलेला जुना नंबर बोलण्याच्या सिमवरच ठेवा. यूपीआय अॅप पडताळणीसाठी त्याच सिमवरून एसएमएस पाठवतं, म्हणून पॅकमध्ये एसएमएस आहेत का ते पाहून घ्या. नेटच्या सिमचा नंबर कोणालाच देऊ नका. तो उद्या बंद पडला तरी अडायला नको.

फोनमध्ये कॉलसाठी पहिलं सिम, डेटासाठी दुसरं, एवढं सेटिंग दोन मिनिटांत होतं. खरी गोची त्याच्या पुढे आहे.

बर्डीत भाजी घेत होतो. बायकोचा फोन चालू, ‘मेथीच्या दोन जुड्या आणा’ वगैरे, आणि मी एका हाताने क्यूआर स्कॅन केला. चक्र फिरत राहिलं. भाजीवाली म्हणाली, ‘भाऊ, नेट नाही का?’ नेट होतं, कॉलपुरतं झोपलं होतं. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसऱ्या सिमचं नेट थांबतं, कारण एका वेळी एकाच सिमचं काम चालतं. काही नव्या फोनमध्ये दोन्ही चालतं, पण दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. बोलण्याच्या सिमवरून कुणाला फोन लावा, वाय-फाय बंद करा आणि कॉल चालू असताना नकाशा उघडून एखादं नवं ठिकाण शोधा. सापडलं नाही तर तुमचा फोनही माझ्यासारखाच.

यावर नेटवर सर्रास सल्ला मिळतो की सेटिंगमध्ये ‘ऑटो डेटा स्विचिंग’ सुरू करा. मीही केलं, आणि फसलो. ही सोय कॉलच्या वेळी नेट बोलण्याच्या सिमवर नेते, आणि तिथे तर डेटा पॅकच नाही! नेट येत नाही ते नाहीच, उलट त्या सिमवर मुख्य बॅलन्स पडून असेल तर तो कापला जाण्याची धास्ती. आमच्याकडे ही कळ बंदच असते.

कामी येतं ते वाय-फाय कॉलिंग. दोन्ही सिमवर सुरू करा. घरी-ऑफिसात कॉल वाय-फायवरून जातो आणि नेटही वाय-फायचंच, म्हणून अडत नाही. काही फोन तर बोलण्याच्या सिमचा कॉल दुसऱ्या सिमच्या डेटावरून नेतात. तुमच्या फोनमध्ये ती सोय असेल तर रस्त्यावरचा प्रश्नही सुटला. माझ्यात नाही. म्हणून मी पैसे देताना सरळ म्हणतो, ‘थांब, ठेवतो, लावतो परत.’

व्हॉट्सअॅपवर बोलतानाही हेच. मध्येच साधा कॉल घेतलात की व्हॉट्सअॅपचा कॉल तुटतो. वर्धा रोडवर नकाशा लावून गाडी चालवत असाल तर रस्ता आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा.

मी हिशेब केला तेव्हा माझं नेटचं सिम 28 दिवसांना 107 रुपयांत भागत होतं. वर्षाला 13 रिचार्ज, 1391 रुपये. बोलण्याचे 1849 मिळवून 3240, म्हणजे जुन्यापेक्षा 493 कमी. महिन्याला जेमतेम 41 रुपये. आम्ही घरात चौघं आहोत म्हणून मी हे करतो. आईच्या फोनवर मात्र नाही केलं, तिला ‘ठेवतो, लावतो परत’ चालत नाही.