मैलाचा प्लॅन किलोमीटरमध्ये कसा करायचा, पहिल्या फुल मॅरेथॉनच्या पेससाठी

आमच्या साताऱ्याच्या ग्रुपमधल्या एका ताईनं जानेवारीतल्या मुंबईच्या रेससाठी नेटवरून प्लॅन घेतला, तो सगळा मैलात होता. टार्गेट ४ तास ४५ मिनिटं, आणि त्यात लिहिलेलं की रेसचा पेस १० मिनिटं ५२ सेकंद प्रति मैल. ताईनं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १०.५२ भागिले १.६०९ केलं, उत्तर आलं ६.५३८, तिनं ते ६ मिनिटं ५४ सेकंद धरलं आणि दोन महिने त्याच पेसनं कोरेगाव रोडला सराव केला. दोन महिन्यांनी आकडे घेऊन बसलो तेव्हा कळलं की खरा पेस ६:४५ आहे. ६:५४ नं पळाली असती तर ४ तास ५१ मिनिटं लागली असती. म्हणून हा हिशोब कसा करायचा ते नीट सांगतो.

पहिल्यांदा अंतर पक्कं करा. मॅरेथॉन म्हणजे २६.२ मैल असं सगळे म्हणतात पण ते तोंडी बोलायला, खरं अंतर २६ मैल ३८५ यार्ड. हे १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पळवलं गेलं आणि १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं ठरलं. एक मैल म्हणजे १.६०९३४४ किलोमीटर, त्यानं २६ ला गुणलं की ४१.८४३ येतात, आणि ३८५ यार्ड म्हणजे ३५२ मीटर, ते मिळवले की ४२.१९५. हा आकडा पाठच करा. २६.२ ला नुसत्या १.६ नं गुणलं तर ४१.९२ येतं, म्हणजे सव्वा फर्लांगाच्याही वर, पावणेतीनशे मीटर गायब, आणि दमलेल्या पायांनी ते शेवटी पळावंच लागतं.

आता पेस. अंतर मैलाचं किलोमीटर करताना गुणायचं पण पेस करताना भागायचं, कारण किलोमीटर मैलापेक्षा छोटा, तर त्याला वेळही कमीच लागणार. चुकून गुणलंत तर १०:५२ चे साडेसतरा मिनिटं होतात, ते बघितल्याबरोबर कळतं. पण ताईची जी चूक झाली ती नजरेत येत नाही, कारण उत्तर खऱ्याच्या जवळपासचंच दिसतं. मिनिटात ६० सेकंद असतात आणि कॅल्क्युलेटर दशांशाला १०० धरतो, त्यामुळं १० मिनिटं ५२ सेकंद म्हणजे १०.५२ होत नाहीत. आधी सगळ्याचे सेकंद करायचे, मग भागायचं, मग परत मिनिटं:

```
10 × 60 + 52 = 652
652 ÷ 1.609344 = 405
405 = 6 × 60 + 45  →  6:45
```

एवढंच. आता उलटा ताळा करून बघा, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि तोच लोक सोडतात. ४०५ ला ४२.१९५ नं गुणा, १७,०८९ सेकंद येतात, म्हणजे ४ तास ४४ मिनिटं ४९ सेकंद. टार्गेटच्या ११ सेकंद आत, जमलं. हेच जर ४:४५ ला नुसत्या ४२ नं भागलं असतं तर ६:४७ चा पेस आला असता, आणि तो खऱ्या ४२.१९५ ला लावला की ४ तास ४६ मिनिटं १३ सेकंद होतात. दोन सेकंदाचा फरक कागदावर काहीच वाटत नाही पण ४२ वेळा लागतो तो.

सरावाच्या लाँग रनला मात्र एवढं काटेकोर राहू नका, २० मैल म्हणजे ३२.२ किलोमीटर, ३२ पळालात तरी काही बिघडत नाही. आणि यवतेश्वरच्या घाटात पळणार असाल तर फक्त अंतर किलोमीटरमध्ये करून घ्या, पेस नको, कारण प्लॅनमधला पेस सपाट रस्त्याचा असतो. घाटात ६:४५ धरायला गेलं की चढावर छाती भरून येते, उतारावर मांड्यांची वाट लागते आणि पुढचे चार दिवस सराव बंद.

आता रेसच्या दिवसाचं, इथं घड्याळ फसवतं. ४२.१९५ हे मोजलेलं असतं ते सगळ्यात जवळच्या रेषेनं, म्हणजे वळणावर आतली कड धरून. आपण गर्दीतनं वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडं जात, बाहेरनं वळत पळतो, वर उंच बिल्डिंगांमध्ये जीपीएस पण थोडं हलतं. त्यामुळं फिनिशला घड्याळ ४२.६ दाखवू शकतं. समजा तसं झालं आणि घड्याळावर तुम्ही इमानदारीत ६:४५ धरून पळालात, तरी वेळ येईल ४ तास ४७ मिनिटं ३३ सेकंद, अडीच मिनिटं गेली. मग घड्याळावर किती धरायचं? १७,१०० सेकंद भागिले ४२.६, म्हणजे ६:४१. ताईला आम्ही हेच सांगितलं, की स्क्रीनवर ६:४१ च्या आसपास दिसलं पाहिजे, तेव्हा रस्त्यावर ६:४५ पडतो.

पण त्याहून भरवशाचं म्हणजे रस्त्यावरचे किलोमीटरचे बोर्ड. घड्याळाचं ऑटो लॅप बंद करा आणि बोर्ड आला की स्वतः लॅपचं बटण दाबा. आणि कागदाच्या छोट्या पट्टीवर वेळा लिहून मनगटाला सेलोटेपनं चिकटवा, घामानं शाई उतरते म्हणून वरून पण टेप लावा. ६:४५ च्या हिशोबानं ताईची पट्टी अशी होती: ५ ला ३३:४५, १० ला १:०७:३०, हाफला म्हणजे २१.१ ला २:२२:२४, ३० ला ३:२२:३०, आणि ४० ला बरोबर साडेचार तास. त्यानंतर उरतात २ किलोमीटर १९५ मीटर, त्याला १४ मिनिटं ४९ सेकंद. सगळे बोर्ड लिहू नका, पळताना एवढं वाचवत नाही.

वेळ बघायची ती पण स्वतःच्या घड्याळावर, रस्त्यावर लावलेल्या मोठ्या घड्याळावर नाही. ते मोठं घड्याळ बंदूक वाजल्यापासून चालतं, आणि मागच्या गर्दीत उभं असलात तर स्टार्टच्या मॅटपर्यंत पोचायलाच काही मिनिटं जातात. मॅटवर पाय पडला की आपलं घड्याळ चालू करायचं, चिप पण तिथूनच मोजते.

पहिल्या ५ किलोमीटरला गर्दीमुळं पट्टीच्या ४०-५० सेकंद मागं असाल तर ते लगेच पुढच्या किलोमीटरला भरून काढू नका. उरलेल्या ३७ किलोमीटरवर वाटले तर दर किलोमीटरला सव्वा सेकंद पडतो, तेवढा तर आपोआप निघतो. उलट १० च्या बोर्डला १:०५ दिसलं, म्हणजे अडीच मिनिटं पुढं, तर तिथंच पेस खाली आणा, कारण ती अडीच मिनिटं ३२ नंतर चालत चालत परत द्यावी लागतात.