पंचवीस चोक शंभर: भागाकार न मांडता भागायचं कसं

माझे बाबा नागपुरात इतवारीतल्या एका ठोक किराणा दुकानात दिवाणजी होते. बँकेच्या परीक्षेची तयारी सुरू केली त्या वर्षी मी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची आणि गर्दी नसली की तिथंच गादीच्या कडेला वही उघडून बसायची. एकदा एका गिऱ्हाइकानं तांदळाचा २५ किलोचा कट्टा पाहिला. कट्टा १३८० रुपयांचा. किलोला काय पडला, त्यानं विचारलं. मी लगेच वहीत भागाकार मांडला. पंचवीस पंचे सव्वाशे, तेरा उरले, शून्य उतरवलं, पुन्हा पंचवीस पंचे... तोवर बाबांनी "पंचावन रुपये वीस पैसे" सांगूनही टाकलं होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर ते म्हणाले, "काहून भागून राहिली बेटा? पंचवीस चोक शंभर. चारनं गुण अन् दोन घरं मांगं ये."

१३८० चोक ५५२०. उजवीकडून दोन घरं सोडून दशांश चिन्ह दिलं की ५५.२०. हिशेब संपला.

ही गोष्ट क्लासमध्येही शिकवली होती, पण तिथं ती 'ट्रिक क्रमांक अमुक' म्हणून फळ्यावर आली होती. ५ साठी दोननं गुणा, एक घर. २५ साठी चारनं, दोन घरं. १२५ साठी आठनं, तीन घरं. मी ते पाठ केलं आणि पहिल्याच सराव परीक्षेत घोळ केला. प्रश्न होता १८९० भागिले १२५. आठनं गुणून १५१२० आले, ते बरोबर. पण घाईत दोनच घरं सरकले आणि १५१.२ हा पर्याय निवडला. उत्तर होतं १५.१२. पेपर काढणाऱ्याला माहीत असतं की मुलं इथंच चुकतात, म्हणून १५१.२, १५.१२ आणि १.५१२ हे तिन्ही पर्याय त्यानं शेजारी शेजारी ठेवले होते. गुणाकार बरोबर असूनही माझा मार्क गेला, शिवाय चुकीच्या उत्तराचा पाव मार्क वर कापला गेला.

म्हणून नव्यानं तयारी करणाऱ्यांना मी घरं पाठ करायला सांगत नाही. भाजकाकडे बघायचं आणि त्याला कितीनं गुणलं की १०, १०० किंवा १००० होतात ते म्हणायचं. पाच दुणे दहा. पंचवीस चोक शंभर. सव्वाशे आठे हजार. भाजकाला ज्यानं गुणलं त्यानंच वरच्या आकड्यालाही गुणायचं. वर-खाली सारखंच गुणलं तर उत्तर बदलत नाही, हे अपूर्णांकांत आपण शाळेत शिकलेलो असतो. आता खाली हजार आहेत, हजाराला तीन शून्यं, म्हणून तीन घरं. घरं भाजकच सांगतो, ती लक्षात ठेवावी लागत नाहीत.

याचा खरा उपयोग भाजकातच दशांश चिन्ह असतं तेव्हा कळतो. २.५ नं भागायचं असेल तर पाठ केलेला नियम अडखळतो. पण अडीच चोक दहा म्हटलं की चारनं गुणून एकच घर सरकायचं हे आपोआप कळतं. साडेबारा आठे शंभर, म्हणून १२.५ ला आठनं गुणून दोन घरं. सव्वा आठे दहा, म्हणून १.२५ ला आठनं गुणून एक घर. जुन्या लोकांना पावकी, सवायकी, अडीचकीचे पाढे येत असत, त्यामुळे बाबांच्या तोंडी हे सगळं सहज होतं. आणि ०.२५? बाबा विचारायचे, सतरा रुपयांत चाराणे किती? चार चाराण्यांचा एक रुपया, म्हणून सतरा चोक अडुसष्ट. इथं घर सरकायचंच नाही, कारण ०.२५ ला चारनं गुणलं की नुसता एक येतो. चाराण्याचं नाणं २०११ मध्ये चलनातून गेलं, पण हे उदाहरण मला अजून उपयोगी पडतं.

आता आठनं गुणण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण १२५ चा भागाकार बहुतेकांचा तिथंच अडतो. चार आकडी संख्येला तोंडी आठनं गुणताना हातचे सुटतात. माझेही सुटायचे. त्यावर उपाय म्हणजे आठनं एकदम न गुणता तीनदा दुप्पट करायची. ४६३७ भागिले १२५ घ्या.

४६३७ ची दुप्पट ९२७४.
९२७४ ची दुप्पट १८५४८.
१८५४८ ची दुप्पट ३७०९६.

तीन घरं मागे, ३७.०९६. दुप्पट करताना हातचा आला तरी एकच येतो, म्हणून चुकायला फारशी जागा राहत नाही. एक धोका मात्र आहे: दोनदाच दुप्पट करून थांबणं. मी दर दुपटीला डाव्या हाताचं एक बोट मिटते. तीन बोटं मिटली की तीन दुपटी झाल्या.

उत्तर लिहिण्याआधी आणखी एक नजर टाकायची. सव्वाशे चोक पाचशे, म्हणजे पाच हजारांत सव्वाशे चाळीस वेळा. ४६३७ पाच हजारांपेक्षा थोडे कमी, म्हणून उत्तर चाळिसाच्या जरा खाली हवं. ३७ बसतं, ३७० किंवा ३.७ बसत नाही. १८९० च्या वेळी मी एवढं केलं असतं तर १५१ कडे हात गेलाच नसता, कारण दीडशे सव्वाशे म्हणजे अठरा हजारांच्या वर.

यात एक गोष्ट अशी आहे जी मला कुणी शिकवली नाही, सराव करता करता दिसली, आणि पर्याय खोडायला तिच्याइतकं काही कामाला येत नाही. पूर्ण संख्येला २५ नं भागलं की दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे नेहमी चारच्या पाढ्यातले असतात: ०४, ०८, १२, असं करत ९६ पर्यंत, नाहीतर ००. कारण उघड आहे, आपण चारनं गुणलेलं असतं. म्हणून ३४७८ भागिले २५ ला पर्याय १३९.१२, १३९.१४ आणि १३९.१८ असतील तर गुणाकार न करताही शेवटचे दोन गेले. १४ आणि १८ ला चारनं भाग जात नाही. तसंच १२५ नं भागल्यावर चिन्हानंतरचे तीन आकडे आठनं भागले जायलाच हवेत, आणि ५ नं भागल्यावरचा एक आकडा सम हवा. मात्र तीन घरं पुरी भरून बघायची. १५.१२ म्हणजे १५.१२०, आणि १२० ला आठनं भाग जातो.

त्याच आकड्यांत बाकीही दडलेली असते. ३७.०९६ मधल्या ९६ ला आठनं भागा: १२. म्हणजे ४६३७ ला १२५ नं भागल्यावर भागाकार ३७ आणि बाकी १२. पडताळून बघा, १२५ गुणिले ३७ म्हणजे ४६२५, त्यात बारा मिळवले की ४६३७. 'बाकी किती उरेल' असा प्रश्न आला तरी वेगळा भागाकार मांडायला नको.

टक्केवारीत मात्र सावध राहायचं. तक्त्यांवरच्या प्रश्नांत '१२५ पैकी ४७ उमेदवार, तर किती टक्के' असं येतं. ४७ आठे ३७६. सवयीनं तीन घरं सरकून ०.३७६ लिहिलं तर ते टक्के नाहीत. टक्के शंभरावर मोजतात आणि आपण हजारावर पोचलो आहोत, म्हणून एकच घर: ३७.६ टक्के. २५ पैकी १८ असतील तर अठरा चोक बहात्तर, आणि घर सरकायचंच नाही, कारण आपण शंभरावरच आहोत. मी कच्च्या कागदावर आधी खाली काय झालं ते लिहायची, '४७ / १२५ = ३७६ / १०००', मगच उत्तर. दोन सेकंद जास्त जातात, पण जाऊ द्यावेत. मी क्लार्कची पूर्वपरीक्षा दिली तेव्हा गणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं होती, म्हणजे प्रश्नाला साधारण ३४ सेकंद. त्यात कच्च्या कागदावरची ही एक ओळ मावते, पूर्ण भागाकार मावत नाही.

अंदाजे उत्तर विचारतात तिथं भाजक २४.९८ असा मुद्दाम वेडावाकडा दिलेला असतो. त्याला २५ समजायचं. ३४४७.९२ भागिले २४.९८ म्हणजे ३४४८ चोक १३७९२, दोन घरं, सुमारे १३८.

प्रत्येक वेळी आधी गुणायचंच असंही नाही. ३७५ भागिले २५ आला तर १५ दिसतातच. ८७५०० भागिले १२५ असेल तर सव्वाशे साते ८७५, पुढे दोन शून्यं, ७०० झाले. तिथं आठनं गुणत बसणं म्हणजे उलटा वळसा.

आणि ही रीत नुसत्या पाचांपासून बनलेल्या भाजकांनाच पुरती लागू पडते. दहा म्हणजे दोन गुणिले पाच. पाचाला दोनाची जोड मिळाली की दहा होतो. ६२५ मध्ये चार पाच आहेत, म्हणून चार दोन हवेत, म्हणजे सोळानं गुणून चार घरं. २३५ भागिले ६२५ ला २३५ गुणिले १६ म्हणजे ३७६०, चार घरं, ०.३७६. पण १५, ३५, ७५ यांच्यात तीन किंवा सात अडकलेला असतो आणि तो गुणून जात नाही. निम्मं काम तरीही होतं. ७५ ला चारनं गुणलं की ३०० होतात, म्हणून २१३० भागिले ७५ साठी आधी ८५२०, मग दोन घरं सरकून ८५.२, आणि उरलेल्या तीननं भागून २८.४. ३५ ला दोननं गुणून ७० करायचे, एक घर सरकायचं आणि मग सातनं भागायचं. तीन-सातचा भाग तुटला नाही तर चिन्हानंतरचे आकडे संपतच नाहीत, आणि चारच्या पाढ्याची ती खूण इथं लावायची नाही.